सहकारी तीन महिने आजारपणाच्या रजेवर: त्याचं काम कसं वाटावं, की दुसरं कोणी आडवं पडणार नाही

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमचे अकाउंट्सचे काका स्कूटरवरून पडले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून रॉड टाकला आणि डॉक्टरांनी बारा आठवडे सांगितले. आमचं ऑफिस गांधीबागेत, धंदा औषधांच्या घाऊक वितरणाचा. नागपूर शहराबरोबर कामठी, सावनेर, काटोल आणि उमरेडच्या मेडिकल दुकानांना आम्ही माल देतो. काका धरून ऑफिसात सहा माणसं: बिलिंग सांभाळणारी ताई, गोदाम आणि खरेदी बघणारे दादा, वसुलीला फिरणारा भाऊ, बी.कॉम. होऊन वर्षभर झालेला एक पोरगा, आणि या सगळ्यांचं बघणारा मी. वर मालक, म्हणजे शेठजी.

शेठजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "जमून जाईल ना जी?" मी म्हटलं, "जमून जाईल." ही चूक मला ऑगस्टमध्ये भोवली. पुढचे टप्पे आज मला जसे करावेसे वाटतात तसे लिहिले आहेत, आणि मी प्रत्यक्षात कुठे घसरलो तेही त्या त्या जागी सांगितलं आहे. हिशेब अकाउंट्सच्या कामाचा आहे, कारण या कामाला ठरलेल्या तारखा असतात आणि ओझं कुठे चढतं ते तारखांमुळे स्वच्छ दिसतं.

आधी किती दिवस, ते नीट विचारा

दाखला बहुतेक वेळा पंधरा दिवसांचा किंवा महिन्याचा येतो आणि मग वाढत जातो. ऑफिस दर वेळी "पुढच्या सोमवारी येतीलच" म्हणून तात्पुरती जुळवाजुळव करतं. त्यामुळे घरच्यांना दोन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. डॉक्टरांच्या अंदाजाने एकूण किती काळ लागेल? आणि परतल्यावर काही काळ काय करता येणार नाही? आजार काय आहे, हे विचारायची गरज नसते. आमच्या काकांचा अपघात सगळ्यांना माहीत होता, पण एरवी टीमला एवढंच सांगावं की अमुक महिन्यापर्यंत ते नाहीत. रिपोर्टचे फोटो ऑफिसच्या ग्रुपवर फिरवायचे नाहीत. शेठजींनी विचारलं तरी नाही.

आराखडा सांगितलेल्या पूर्ण काळाचा करा आणि चौथ्या आठवड्यात तो पुन्हा तपासा. माणूस लवकर परतला तर आनंदच आहे.

पगाराचा प्रश्नही याच वेळी मिटवावा, कारण बदली माणसाचे पैसे कुठून येणार ते त्यावर ठरतं. कर्मचारी ईएसआयसीत असेल, म्हणजे पगार २१,००० रुपयांच्या आत असेल, तर दाखल्यावर त्याला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. तो लाभ कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं, मालक नाही. काकांचा पगार त्याच्या वर होता. त्यांना शिल्लक रजेचे दिवस पूर्ण पगारी आणि पुढचे अर्ध्या पगारावर असं ठरलं.

कामाची यादी आठवणीतून नको, खुणांवरून काढा

"काका काय काय करतात?" असं मी चौघांना विचारलं, तर नऊ कामं निघाली. मागच्या महिन्याचा माग काढला तेव्हा एकतीस झाली. टॅलीचं डे बुक, बँकेचं स्टेटमेंट, पाठवलेल्या मेल, व्हॉट्सॲपचे ग्रुप, टेबलावरची डायरी आणि कपाटातल्या फायली, एवढं चाळायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस काढाच.

न दिसणारं काम यातच सापडतं. काकांना रोज सकाळी अकराच्या सुमारास दुकानदारांचे दहा-बारा फोन यायचे: "काकाजी, मागचं बिल थोडं राहिलं आहे, पण आजचा माल सोडून द्या." कोणाला सोडायचा आणि कोणाचा अडवायचा, हे काका तोंडी ठरवायचे. कोणत्याच कागदावर नसलेलं हे काम दिवसाला तासाभराहून जास्त वेळ खात होतं.

प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहा: महिन्यात किती तास, कोणत्या तारखांना, आणि एक दिवस उशीर झाला तर काय होतं. तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगाची. आमची बारीक कामं एकत्र केल्यावर महिन्याचे तास असे आले: बँकेच्या नोंदी आणि ताळमेळ २५, कंपन्यांना पेमेंट २०, उधारीचे फोन ३०, एक्स्पायरी आणि ब्रेकेजचे क्लेम ३०, जीएसटी आणि टीडीएस २२, पगार-पीएफ-ईएसआयसी १२, किरकोळ रोकड १२, बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट ६, शेठजींचा रोजचा रिपोर्ट १२, आणि पार्ट्यांकडून खात्यातल्या बाकीची खात्री करून घेणं १०. एकूण १७९ तास.

माणसाला फोन करायचा तो यादी झाल्यावर. आधी घरच्यांना विचारून, एकदाच, पंधरा-वीस मिनिटं, प्रश्न लिहून घेऊन. "काका, ती फाईल कुठे ठेवली?" असे दिवसातून चार फोन गेले तर त्याला रजा म्हणत नाहीत. आम्ही नियम केला की प्रश्न वहीत लिहायचे आणि शनिवारी फक्त मी फोन करायचा. वहीतले निम्म्याहून जास्त प्रश्न शनिवारपर्यंत आपोआप सुटायचे.

वाटण्याआधी कापा

बहुतेक ठिकाणी १७९ तास तसेच्या तसे उचलून चौघांवर टाकतात. त्याआधी प्रत्येक कामाला विचारायचं: हे तीन महिने बंद ठेवता येईल? कमी वेळा करता येईल? बाहेरून करून घेता येईल? यात मालकाची साथ लागते, कारण कापलेलं काही त्यालाही जाणवतं.

शेठजींचा रोजचा रिपोर्ट आठवड्याचा केला, १२ चे ४ तास झाले. त्यांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग सवय झाली. किरकोळ रोकड रोज मोजण्याऐवजी ठरावीक रक्कम देऊन शनिवारी हिशेब घ्यायला लागलो, १२ चे ४ झाले. जीएसटी आणि टीडीएस भरायचं काम तीन महिन्यांपुरतं सीएंच्या ऑफिसला जादा फी देऊन सोपवलं. आमच्याकडे फक्त डेटा तयार करून द्यायचं उरलं, २२ चे ८. खात्याची खात्री सप्टेंबरवर ढकलली. त्यापुढे ढकलता आली नसती, कारण टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टची तारीख ३० सप्टेंबर असते आणि ऑडिटवाले ती मागतात. पुढे ढकलणं म्हणजे रद्द करणं नव्हे. कोणत्या तारखेपर्यंत ढकललं ते त्याच वेळी लिहून ठेवावं.

एक्स्पायरीचे क्लेम मात्र सरसकट थांबवता येत नाहीत. मुदत संपलेला माल परत घ्यायला प्रत्येक कंपनीची आपली कालमर्यादा असते, आणि ती गेली की पैसे बुडाले. दादांनी पेट्या उघडून ज्यांची मुदत जवळ आली होती तेवढ्याच वेगळ्या केल्या, ३० चे १८ तास झाले.

सगळ्यात मोठी बचत उधारीच्या फोनांत निघाली. काकांच्या डोक्यातला नियम कागदावर आणला. येणं ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे आणि पार्टीच्या मुदतीपेक्षा जुनं एकही बिल थकलेलं नाही, तर ताई कोणालाही न विचारता माल सोडणार. बाकीच्यांची यादी चार वाजता माझ्याकडे येणार आणि एकदाच निर्णय होणार. फोन आला की ताई सांगायची, "दादा, यादीत नाव घेतलं आहे, साडेचारला कळवते." ३० तासांचे १४ झाले.

असे ६८ तास गेले आणि १११ उरले.

महिन्याची सरासरी फसवते

इथे मी घसरलो. १११ तास आणि २५ दिवस, म्हणजे रोज साधारण साडेचार तास. मी प्रत्येकाला विचारलं, "रोज किती वेळ निघेल?" पोरगा म्हणाला, "अडीच तास काढतो ना सर." दादांनी पाऊण, ताईने अर्धा तास सांगितला, पाऊण मी धरला. बेरीज साडेचार. कागदावर अगदी चपखल बसलं, म्हणून बदली माणूस नको असं शेठजींना सांगून टाकलं. आणि पोराला दिलं काय, तर पेमेंट, बँकेचा ताळमेळ आणि क्लेम, तिन्ही.

पण काम महिनाभर सारखं पसरलेलं नसतं. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआयसी, २० ला जीएसटीआर-३बी. कंपन्यांच्या स्कीममुळे २५ पासून महिनाअखेरपर्यंत बिलिंग तुंबतं. स्कीमच्या क्लेमची स्टेटमेंट १ ते १० मध्ये जातात, आणि ते पोराचं मूळचंच काम. रोजचे अडीच तास १२ ते २४ तारखेत निघत असतील, पण १ ते ११ मध्ये त्याच्याकडे अर्धा तासही मोकळा नव्हता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो रोज नऊ-साडेनऊपर्यंत बसत होता. विचारलं की म्हणायचा, "होऊन राहिलं सर, काही टेन्शन नाही."

मग इतवारीतल्या एका सप्लायरच्या अकाउंटंटचा फोन आला. "भाऊ, तुमचे अडोतीस हजार चारशे दोनदा आले. पुढच्या बिलात धरू का?" बिल एकदा कागदावरून चढलं होतं '०४५७' या नंबराने आणि एकदा मेलमधल्या पीडीएफवरून '४५७' या नंबराने. नंबर वेगळा दिसला म्हणून टॅलीने अडवलं नाही. रात्री नऊला दमलेल्या डोळ्यांनाही दिसलं नाही. खरी गोची ही होती की पेमेंट करणारा आणि बँकेशी ताळमेळ घालणारा एकच माणूस होता, त्यामुळे चूक पकडायला दुसरी नजरच नव्हती. सप्लायर सज्जन म्हणून निभावलं.

तेव्हा वाटप करताना तासांच्या आधी कॅलेंडर घ्या. भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान चालतं. प्रत्येकाच्या मूळ कामाचे गर्दीचे दिवस एका रंगाने रंगवा आणि आलेल्या कामाच्या तारखा दुसऱ्या रंगाने. दोन्ही रंग एका चौकोनात आले की ते काम त्या माणसाचं नाही, मग महिन्याच्या हिशेबाने त्याच्याकडे कितीही वेळ दिसो. माणसांच्या आधी ठरलेल्या रजाही याच पानावर मांडा. आमच्याकडे दादा पोळ्याला दोन दिवस गावी जातात, आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत निघते तेव्हा इतवारी-महालातून डिलिव्हरीची गाडी हलत नाही. काका नाहीत म्हणून दादांचा पोळा रद्द करायचा नाही हे आधीच ठरलं होतं. एका रजेची भरपाई दुसऱ्याच्या रजेतून काढली की पुढच्या महिन्यात तिसरा आजारी पडतो.

वेळ कोणाकडे आहे, एवढ्यावर देऊ नका

वसुलीच्या भाऊकडे दुपारी दीड तास मोकळा असायचा. काटोल-सावनेरची लाईन नसली की तो ऑफिसातच बसायचा. शेठजी म्हणाले, "बँकेच्या नोंदी याला द्या ना." मी नाही म्हटलं. भाऊवर संशय म्हणून नाही. जो दुकानातून रोकड आणतो त्यानेच जमा नोंदवली आणि त्यानेच ताळमेळ घातला, तर काटोलच्या पार्टीचे पैसे मध्येच वापरून पुढे उमरेडच्या पार्टीच्या पैशांनी ते खातं भरता येतं, आणि महिनोन्‌महिने कळत नाही. उधारी सोडण्याचा निर्णय आणि क्रेडिट नोटही वसुलीवाल्याकडे देऊ नये. प्रामाणिक माणसालाही अशा जागी बसवू नये, कारण कधी फरक निघाला तर पहिलं बोट त्याच्याकडेच जातं. हे मी भाऊला असंच सांगितलं, त्याला पटलं.

तशीच दुसरी जोडी म्हणजे नवीन सप्लायरचं खातं उघडणारा आणि त्याला पैसे सोडणारा. तिसरी मी वर भोगलेली, पेमेंट आणि ताळमेळ. टीम लहान असली की या जोड्या तोडायला माणसं पुरत नाहीत, मग निदान दुसरी सही मालकाची ठेवावी.

पगाराचं काम सहकाऱ्याकडे देऊ नका, एकमेकांचे पगार दिसतात. ते मी घेतलं. आणि एक निरीक्षण: किरकोळ रोकड, चहाचा हिशेब, कुरिअरची वही असलं फुटकळ काम न विचारता ताईच्या टेबलावर जातं. प्रत्येक काम दहा मिनिटांचं म्हणून कोणी मोजत नाही. आमच्या पहिल्या यादीत अशी चार कामं तिच्या नावावर होती आणि ती मीच लिहिली होती.

दुसरं वाटप

दोनदा गेलेल्या पेमेंटनंतर मी शेठजींकडे गेलो आणि आधी बोललेलं मागे घेतलं. "माणसं कमी पडून राहिली" एवढं म्हटलं असतं तर त्यांनी ऐकून सोडून दिलं असतं. मी रंगवलेलं पान, १११ चा हिशेब आणि ती ३८,४०० ची नोंद समोर ठेवली. काकांच्या अर्ध्या पगाराचे जे पैसे वाचत होते त्यात एक निवृत्त अकाउंटंट रोज तीन तास, अकरा ते दोन, मिळाले. हे गृहस्थ मेट्रोने अग्रसेन चौकात उतरून चालत यायचे आणि दोनला टिफिन खाऊन निघून जायचे.

त्यांच्याकडे पेमेंटचे व्हाउचर २० तास, क्लेम १८, आणि सीएंना द्यायचा डेटा ८, मिळून ४६. सप्टेंबरमध्ये खात्यांची खात्रीही त्यांनीच केली. ताळमेळाचे २५ पोराकडे राहिले. ताईकडे उधारीची यादी, १४. दादांकडे स्टॉक स्टेटमेंट आणि शनिवारची रोकड, मिळून १०. माझ्याकडे पगार आणि आठवड्याचा रिपोर्ट, १६. बेरीज तीच १११, पण आता कोणाच्याही गर्दीच्या दिवसांवर ती चढत नव्हती. पेमेंट आठवड्यातून दोनदा व्हायचं ते फक्त गुरुवारी ठेवलं आणि सप्लायरांना तसं कळवलं. २५ तारखेनंतर चारची यादी ताईऐवजी मी करायचो.

ज्याला काही दिलं त्याच्याकडून काही काढायचं, हा नियमही तेव्हाच लावला. पोराला रोज एक तास ताळमेळ आला, म्हणून त्याची बँकेत भरणा करायला जायची पाऊण तासाची फेरी डिलिव्हरीच्या मुलाकडे दिली. त्याचं खरं वाढलेलं काम पंधरा मिनिटं. ताईची कुरिअरची वही शिपायाकडे गेली. काढायला काहीच सापडत नसेल तर त्या माणसाला द्यायलाही काही नाही, असं धरा.

बोलणं एकेकट्याशी करा, सगळ्यांसमोर नाही. सगळ्यांसमोर नाही म्हणणारा कामचोर ठरतो. मी ताईला विचारलं, "हे चार वाजताचं काम घेतलंस तर तुझं काय मागे पडेल?" "जमेल का" असं विचारलं की "जमेल" हेच उत्तर मिळतं. "काय मागे पडेल" विचारल्यावर ती म्हणाली, "रिटर्नचा माल संध्याकाळी चढतो तो राहील, आणि सहाला मला निघावंच लागते, पोरगी ट्यूशनहून येते." मग रिटर्नची नोंद सकाळी दहाला केली. प्रत्येकाला शेवटची तारीख सांगितली, ३० सप्टेंबर, आणि तीन महिन्यांचा जादा कामाचा भत्ता लेखी दिला. रक्कम मोठी नव्हती. ठरलेल्या तासांपुढे बसवलं तर कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, तेव्हा भत्ता देऊन रात्री नऊपर्यंत बसवून घ्यायची पळवाट शोधू नये.

ओटीपी, टोकन आणि पासवर्ड

या भागात बहुतेकजण पहिल्या आठवड्यातच अडकतात. जीएसटी पोर्टलचा ओटीपी काकांच्या मोबाइलवर जात होता. ११ तारखेला काकू वॉर्डात, फोन घरी चार्जिंगला, आणि आम्ही ऑफिसात स्क्रीनकडे बघत बसलेलो. पहिल्याच दिवशी बघा की कोणत्या पोर्टलवर कोणाचा नंबर आहे. जीएसटीत अधिकृत सहीदाराचा मोबाइल आणि ईमेल नॉन-कोर दुरुस्तीत बदलता येतो. पीएफ आणि ईएसआयसीचे लॉगिन, बँकेचा नंबर आणि टीडीएसचं खातंही तपासा.

काकांचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पोराला देणं सोपं असतं, पण देऊ नका. टॅलीत तीन महिन्यांच्या नोंदी काकांच्या नावाने पडतील आणि परत आल्यावर न केलेल्या चुकांचा जाब त्यांना द्यावा लागेल. प्रत्येकाला वेगळा युजर काढा. डिजिटल सहीचं टोकन काकांच्या नावाचं असेल तर ते त्यांच्याकडेच ठेवावं, सही करायला दुसरा अधिकृत माणूस नेमावा. नेट बँकिंगमध्ये व्हाउचर भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा असतो. आमच्याकडे निवृत्त अकाउंटंट व्हाउचर भरायचे, मी बिलाशी ताडून बघायचो, मंजुरी शेठजींची. बाहेरच्या माणसाला मंजुरीचा अधिकार द्यायचा नाही.

ओझं चढतंय हे कसं ओळखाल

विचारून कळत नाही. पोराने मला तीन आठवडे "होऊन राहिलं" सांगितलं. मग मी दर शनिवारी चार खुणा बघायला लागलो. ताळमेळ कोणत्या तारखेपर्यंत आला आहे: दोन दिवस मागे चालतो, पाच दिवस मागे म्हणजे माणूस बुडतोय. संध्याकाळी सातनंतर कोणाच्या युजरने नोंदी पडल्या. आठवड्यात किती बिलं दुरुस्त करावी लागली. आणि टिफिन: पोरगा दीडला सगळ्यांबरोबर जेवायचा, तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कीबोर्डशेजारी डबा उघडून बसायला लागला होता. मी ते रोज पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, कष्टाळू आहे.

खूण दिसली तर माणसाला "जरा आवरून घे" सांगायचं नाही. त्याच दिवशी त्याच्याकडचं एक काम उचलायचं, आणि कोणाकडे द्यायचं ते नंतर ठरवायचं. तोवर ते तुमच्या टेबलावर.

अजून एक मर्यादा सांगतो. आमच्यासारखी पाच माणसं मागे असली तर हे जमतं. दोन माणसांच्या ऑफिसात एक गेला तर वाटण्यासारखं काही नसतं. तिथे कापाकापी करा आणि पहिल्या आठवड्यातच बदली माणूस आणा.

परत आल्यावर

आठव्या आठवड्यात, पोळा झाल्यावर, मी काकांच्या घरी गेलो. काकूंनी चिवडा पुढे केला, काका जरा गप्पच होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तुमचं माझ्याशिवाय चालूनच राहिलं म्हणा." हे अपेक्षित धरावं. माणूस तीन महिने घरी पडून हाच विचार करतो. मी त्यांना वही दाखवली, त्यात उधारीच्या यादीत आम्ही चुकीने अडवलेली सहा दुकानं होती. ती त्यांनी बघितली आणि प्रत्येकाचा इतिहास सांगितला, कोण उशिरा देतो पण बुडवत नाही आणि कोण गोड बोलून बुडवतो. त्या दुपारी नियमात दोन ओळी वाढल्या.

तेराव्या आठवड्यात ते काठी घेऊन आले. दाखल्यावर दोन आठवडे अर्धा दिवस आणि जिने नकोत असं होतं. अकाउंट्सचं टेबल पहिल्या मजल्यावर आहे, म्हणून खाली ताईशेजारी बसायची सोय केली. पहिल्याच दिवशी सगळं परत द्यायचं नसतं. बसून, शांतपणे, मुदतीशिवाय होणारं काम आधी: ताळमेळ पहिल्या आठवड्यात. पेमेंट तिसऱ्यात. पगार आणि पीएफ पुढच्या महिन्याच्या १ पासून. उधारीचा निर्णय सगळ्यात शेवटी, कारण त्यात दिवसभर फोन आणि वादावादी. बदली अकाउंटंटना काका पूर्ण वेळ येईपर्यंत, म्हणजे दोन आठवडे जास्त ठेवलं. हा खर्च वाचवायला जाऊ नका. परतलेला माणूस पहिल्या पंधरवड्यात पुन्हा झोपला तर सगळं पहिल्यापासून.

काही कामं काकांकडे परत गेलीच नाहीत. रोजचा रिपोर्ट आठवड्याचाच राहिला, शनिवारची रोकड दादांकडे राहिली, आणि जीएसटीचं रिटर्न सीएंचं ऑफिस भरतं. चारच्या यादीवर मात्र वाद झाला. काकांना सकाळचे फोन परत हवे होते. शेवटी यादी ताईकडेच राहिली आणि निर्णय काकांचा. अकराला कोणी "काकाजी, आजचा माल सोडून द्या" म्हणून फोन केलाच, तर ते ऐकून घेतात आणि सांगतात, "ताईकडे नाव लिहून दे."

काका पूर्ण वेळ आले त्या सोमवारी तात्पुरत्या अकाउंटंटचा टॅलीतला आणि बँकेतला युजर बंद केला, पोर्टलवरचा मोबाइल नंबर काकांना विचारून शेठजींचाच राहू दिला, आणि पोराला चार दिवसांची रजा दिली. तो मागत नव्हता.